हप्ता कापणे थांबवताना

डिचोली तालुक्यात पैसा एका संथ लयीत कधीच आला नाही. 2012 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात खाणी थांबल्या. पुढे थोड्याबहुत सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी 2018 च्या निकालानंतर 16 मार्चपासून पुन्हा ठप्प झाल्या. ट्रकमालक, चालक, गॅरेजवाले, रस्त्याकडेचे हॉटेलवाले, सगळ्यांचे उत्पन्न एकदम आटले. लाटंबार्सेसारख्या दोडामार्गच्या वेशीवरच्या गावात खाणीचा पैसा, कारखान्यातला पगार आणि काजूच्या हंगामाचा पैसा एकाच घरात येतो आणि तिन्ही वेगवेगळ्या वेळी आटतात. विम्याचा हप्ता मात्र महिन्याच्या ठरल्या तारखेला खात्यातून निघतो. ट्रकचा हप्ता आणि विम्याचा हप्ता एकाच खात्यावर येऊन आदळले की पहिला विचार मनात येतो तो विम्याचा हप्ता कापणे बंद करायचा.

हा विचार चुकीचा नाही. विमा म्हणजे कर्ज नव्हे. हप्ता भरला नाही म्हणून विमा कंपनी वसुलीला दारात येत नाही आणि सिबिलच्या अहवालात त्याची कर्ज बुडवल्यासारखी नोंदही होत नाही. पॉलिसी पुढे चालवायची की सोडायची, हा हक्क पूर्णपणे पॉलिसीधारकाचा आहे. अडचण दुसरीकडे आहे. बँकेला दिलेला कापण्याचा आदेश हा एक करार आणि विमा कंपनीशी झालेली पॉलिसी हा दुसरा. पहिला रद्द केल्याने दुसरा रीतसर संपत नाही. तो हळूहळू कोसळतो, आणि कोणत्या टप्प्यावर काय गळून पडते ते माहीत नसेल तर कुटुंबाला त्याचा पत्ता मृत्यूनंतरच लागतो.

आधी कापणे कशातून होते ते पाहू. आयुर्विम्याचे बहुतेक मासिक हप्ते एनएसीएच या व्यवस्थेतून जातात. ती नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन चालवते. पूर्वी याच जागी ईसीएस होते. पासबुकात `ACH D` अशा सुरुवातीची नोंद दिसली की ती बहुधा हीच. प्रत्येक आदेशाला एक क्रमांक असतो, बँकेच्या कागदावर तो `UMRN` म्हणून छापलेला सापडतो. रद्द करायला गेल्यावर बँकवाला आधी तोच मागतो, म्हणून तो हाताशी ठेवावा. अलीकडे घेतलेल्या पॉलिसींचा हप्ता यूपीआयच्या ऑटोपेवर किंवा कार्डावर असतो. तिथे रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पैसे निघण्याच्या किमान 24 तास आधी सूचना यावी लागते. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेच्या भागात जाऊन तो आदेश निवडला आणि पिन टाकला की तो तिथल्या तिथे रद्द होतो. विम्याच्या हप्त्यासाठी दर वेळी ओटीपी न मागता कापण्याची मर्यादा डिसेंबर 2023 पासून एक लाख रुपये झाली आहे. म्हणजे मोठा वार्षिक हप्तासुद्धा ओटीपीशिवाय निघून जाऊ शकतो, हे अशा खातेदारांनी ध्यानात ठेवावे.

एनएसीएच थांबवण्याचे दोन रीतसर मार्ग आहेत. विमा कंपनीला लेखी अर्ज देऊन खाते पॉलिसीपासून सोडवून घेणे हा एक, आणि स्वतःच्या बँकशाखेत आदेश रद्द करण्याचा अर्ज देणे हा दुसरा. मी दोन्ही करायला सांगेन, आणि दोन्हीकडून शिक्क्याची पोच घ्यायला सांगेन. हप्त्याच्या आदल्या दिवशी जाऊन उपयोग नाही, कारण कापायची यादी आधीच तयार होऊन निघालेली असते. आठ-दहा दिवस हाताशी असावेत. तिसरा मार्ग लोक सर्रास वापरतात तो म्हणजे खात्यात पैसेच न ठेवणे. हा सगळ्यांत वाईट. आदेश परत गेला की बँक दंड लावते, तो प्रत्येक खेपेला लागतो आणि नंतर खात्यात आलेल्या पैशांतून वसूल होतो. त्याच खात्यावर कर्जाचा हप्ता असेल तर तोही उसळतो, आणि त्याची नोंद मात्र सिबिलमध्ये पक्की होते.

एलआयसीच्या पॉलिसीत आणखी एक बारकावा आहे. तिथे वैयक्तिक पॉलिसीचा मासिक हप्ता साधारणपणे एनएसीएचवर किंवा पगारातून कपातीवरच मिळतो. म्हणून कापणे बंद करायचे पण पॉलिसी चालू ठेवायची असेल तर मासिकावरून तिमाही, सहामाही किंवा वार्षिक हप्त्यावर यावे लागते. पुष्कळांना ही अडचण वाटते, मला ती सोय वाटते. वार्षिक हप्त्यावर थोडी सूट मिळते आणि सवलतीची मुदतही पंधरावरून तीस दिवसांवर जाते. ज्या घरात काजूबियांचे पैसे एप्रिल-मेमध्ये हातात येतात आणि पॉलिसीची तारीख जूनमधली आहे, त्या घराला महिन्याच्या कापण्यापेक्षा वर्षाचा एक हप्ता कितीतरी सोसतो.

आता सवलतीची मुदत, जिला सगळे ग्रेस पिरियड म्हणतात. विमा नियामक प्राधिकरणाच्या नियमांनुसार मासिक हप्त्याला 15 दिवस आणि बाकी सगळ्या प्रकारच्या हप्त्यांना 30 दिवस. या दिवसांत आयुर्विमा पूर्ण चालू असतो. या काळात मृत्यू झाला तर दावा मिळतो, फक्त थकलेला हप्ता त्यातून वजा होतो. या दिवसांत भरलेल्या हप्त्यावर विलंबशुल्क नाही आणि कोणताही आरोग्याचा कागद द्यावा लागत नाही. सोळाव्या दिवशी, किंवा एकतिसाव्या दिवशी, चित्र पालटते.

आरोग्यविम्यात याच मुदतीचा अर्थ थोडा निराळा आहे, आणि घोटाळा इथेच होतो. हप्त्याहप्त्याने पैसे भरायचे ठरले असेल तर 2024 च्या नियमांनी मुदतीच्या दिवसांतही संरक्षण चालू राहते. पण वर्षाचे पैसे एकदम भरून दर वर्षी नूतनीकरण करायचे असेल, तर मुदतीच्या तीस दिवसांत रुग्णालयात दाखल झाल्यास त्या उपचाराचे पैसे मिळण्याची आशा धरू नये. ती मुदत फक्त सातत्य टिकवण्यासाठी आहे. जुन्या आजारांसाठी काढलेली प्रतीक्षेची वर्षे, जी आता जास्तीत जास्त तीन असू शकतात, ती मुदतीत पैसे भरले तर वाया जात नाहीत. मुदत ओलांडली तर नवी पॉलिसी घ्यावी लागते आणि मधुमेह-रक्तदाबाची प्रतीक्षा पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजली जाते. साठीच्या माणसाला नवी पॉलिसी मिळेलच याचीही खात्री नाही. म्हणून पैशांची ओढ असेल तेव्हा आरोग्यविमा सगळ्यांत शेवटी तोडावा, असे माझे ठाम मत आहे.

मुदत संपली की आयुर्विम्याची पॉलिसी लॅप्स होते, म्हणजे बंद पडते. पण ती किती बंद पडते, हे तोवर किती वर्षांचे हप्ते भरले यावर ठरते. एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू.

समजा लाटंबार्से येथील एका कामगाराने 10 जून 2020 ला पाच लाखांची, वीस वर्षांची बचत-विमा पॉलिसी घेतली. मासिक हप्ता 2,100 रुपये. मार्च 2025 पर्यंत हप्ते नीट गेले. मग कारखान्यातली शिफ्ट कमी झाली, टेम्पोचे कर्ज डोक्यावर होते, आणि त्याने बँकेत जाऊन कापणे बंद केले. 10 एप्रिलचा हप्ता गेला नाही. 25 एप्रिलला मुदत संपली.

तोवर 240 पैकी 58 हप्ते भरले होते. दोन वर्षांहून जास्त हप्ते भरलेले असल्यामुळे ही पॉलिसी शून्य होत नाही, ती पेड-अप होते. म्हणजे भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात विमा उरतो. पाच लाखांना 58 ने गुणून 240 ने भागले की 1,20,833 रुपये येतात. अधिक तोवर जमा झालेला बोनस. पुढे बोनस मिळत नाही. 26 एप्रिलला त्याचे काही बरेवाईट झाले तर घरच्यांना पाच लाखांऐवजी सव्वा लाखाच्या आसपास आणि जमा बोनस मिळेल. तो जगला-वाचला तर तीच रक्कम 2040 मध्ये त्याच्या हातात येईल. आताच मोडायची म्हटली तर भरलेल्या 1,21,800 रुपयांच्या साधारण निम्मे, म्हणजे साठ हजारांच्या आसपास हमीची रक्कम आणि बोनसचा काही भाग मिळतो. कंपनीची विशेष मोडणी किंमत जास्त असेल तर ती मिळते. ती किती, हे कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे आणि मगच सही करावी.

या उदाहरणात आकडे बदलले तर निकाल पार बदलतो. दोन वर्षे पूर्ण होण्याआधी हप्ता थांबला असता तर 2020 च्या या पॉलिसीत काहीच उरले नसते. ऑक्टोबर 2024 पासूनच्या नव्या पॉलिसींत एका पूर्ण वर्षाच्या हप्त्यांनंतरही मोडणी किंमत मिळू लागली आहे, ही मोठी सुधारणा. टर्म पॉलिसीत मात्र पेड-अप असा प्रकार बहुधा नसतोच. एक कोटीचा टर्म विमा सवलतीची मुदत संपताच शून्य होतो. कमी हप्त्यात मोठे संरक्षण देणारी हीच पॉलिसी चुकून थांबू दिली तर सगळ्यांत महाग पडते, आणि खाते बदलताना, कार्डाची मुदत संपताना, फोन बदलून यूपीआयची जोडणी तुटताना सगळ्यांत जास्त विसरली जाते तीही हीच. युलिपमध्ये तर पहिली पाच वर्षे पैसे काढताच येत नाहीत. हप्ता थांबला की ते वेगळ्या निधीत जाऊन पडतात.

काही योजनांत, विशेषतः जुन्या एलआयसी पॉलिसींत, तीन किंवा पाच वर्षांचे हप्ते भरलेले असतील तर मुदत संपल्यावरही काही महिने पूर्ण विमा देण्याची सवलत असते. ती आपल्या पॉलिसीत आहे की नाही, हे एजंटच्या तोंडी शब्दावर न ठेवता पॉलिसीच्या कागदावर वाचावे.

आपल्या कामगाराकडे परत येऊ. त्याला पॉलिसी पुन्हा चालू करायची आहे. न भरलेल्या पहिल्या हप्त्याच्या तारखेपासून पाच वर्षे त्याला संधी आहे, म्हणजे 10 एप्रिल 2030 पर्यंत. युलिप असती तर तीनच वर्षे. त्याने सगळे थकलेले हप्ते आणि त्यावरचे व्याज भरायचे. व्याजाचा दर कंपनी ठरवते आणि तो बदलतो. हिशेबापुरता साडेनऊ टक्के धरू. वर्षाने भरायला गेला तर बारा हप्त्यांचे 25,200 आणि व्याज सुमारे 1,300 रुपये. हे जमण्यासारखे आहे. चार वर्षांनी गेला तर 48 हप्त्यांचे 1,00,800 आणि व्याज एकवीस-बावीस हजार. पाच वर्षांची मुदत आहे म्हणून चार वर्षे थांबणे शहाणपणाचे नाही, हे यावरून कळते. अधूनमधून कंपन्या विलंबशुल्कात सूट देतात. एलआयसीने ऑगस्ट ते ऑक्टोबर 2025 या काळात अशी मोहीम चालवली होती, त्यात साध्या पॉलिसींना शुल्कात 30 टक्के, कमाल पाच हजारांपर्यंत सूट होती. पण सूट शुल्कावर असते. आरोग्याच्या अटीवर ती नसते.

ती अट म्हणजे पुनरुज्जीवनाचा खरा गाभा. पैसे भरले म्हणून पॉलिसी आपोआप जिवंत होत नाही. एलआयसीत 680 क्रमांकाचा फॉर्म भरून प्रकृती चांगली असल्याचे लिहून द्यावे लागते. विम्याची रक्कम, वय किंवा खंड मोठा असेल तर डॉक्टरी तपासणीही होते. कंपनी अर्ज नाकारू शकते, जास्त हप्ता मागू शकते, आणि पॉलिसी चालू होते ती कंपनीने मंजुरी दिल्यावर. तोवर भरलेले पैसे ठेव म्हणून पडून असतात. मधल्या काळात मधुमेह निघाला, हृदयाचा झटका येऊन गेला, तर हे दार अर्धे किंवा पूर्ण मिटते. म्हणून प्रकृती ठीक असेपर्यंतच पुनरुज्जीवन करावे. पैशांची सोय नसेल तर हप्त्याहप्त्याने किंवा पॉलिसीवर कर्ज काढून पुनरुज्जीवन करण्याच्या सोयी एलआयसीत आहेत, त्यांची चौकशी शाखेत करावी.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये एलआयसीच्या एका प्रकरणात दिलेला निकाल या जागी वाचण्यासारखा आहे. पॉलिसी एप्रिल 2011 मधली, विमा 3.75 लाखांचा, अपघाती मृत्यू झाल्यास आणखी 3.75 लाख. हप्ता सहामाही. ऑक्टोबर 2011 चा हप्ता भरला गेला नाही आणि पॉलिसी लॅप्स झाली. 6 मार्च 2012 ला पॉलिसीधारकाचा अपघात झाला. 9 मार्चला थकलेला हप्ता भरला गेला, पण तीन दिवसांपूर्वी झालेल्या अपघाताबद्दल एलआयसीला काही सांगितले नव्हते. 21 मार्चला त्याचा मृत्यू झाला. एलआयसीने मूळ 3.75 लाख दिले आणि अपघाताचे 3.75 लाख नाकारले. पत्नी ग्राहक मंचात गेली. राष्ट्रीय आयोगाने तिच्या बाजूने दिलेला निकाल सर्वोच्च न्यायालयाने फिरवला. अपघात झाला तेव्हा पॉलिसी चालू नव्हती, आणि पुनरुज्जीवनाच्या वेळी अपघात लपवला गेला, ही दोन कारणे त्यासाठी पुरली. हप्ता वेळेवर कापला गेला असता तर प्रश्नच उद्भवला नसता. मला ती बाई फार अन्यायग्रस्त वाटते, आणि तरीही निकाल कायद्याने बरोबर आहे असेच म्हणावे लागते.

पुनरुज्जीवनाची आणखी एक किंमत कोणी सांगत नाही. विमा कायद्याच्या कलम 45 प्रमाणे तीन वर्षांनंतर कंपनीला कोणत्याही कारणाने पॉलिसीवर शंका घेता येत नाही. पण ही तीन वर्षे पॉलिसी सुरू झाल्यापासून किंवा पुनरुज्जीवनापासून, जे नंतरचे असेल तिथून मोजतात. म्हणजे पुनरुज्जीवनाच्या अर्जात खोटी माहिती असल्याचा आक्षेप घ्यायला कंपनीला पुन्हा तीन वर्षे मिळतात. आत्महत्येसंबंधीची बारा महिन्यांची अटही पुनरुज्जीवनापासून पुन्हा लागू होते. म्हणून तो 680 चा फॉर्म एजंटने भरून आणला आणि आपण सही केली, असे होऊ देऊ नये.

पगारातून कपातीची गोष्ट खाणपट्ट्यात फार महत्त्वाची, कारण तिथे हप्ता कापणे आपण थांबवत नाही, पगार थांबला की तेच थांबते. नोकरदाराचा हप्ता मालक पगारातून कापून एलआयसीकडे पाठवतो. मालकाने कापला पण पाठवलाच नाही तर काय? दिल्ली वीज पुरवठा उपक्रमाच्या 1999 च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मालकाला एलआयसीचा प्रतिनिधी मानले आणि 2005 मध्ये तेच पुन्हा ठरवले. म्हणजे कपात झाल्याची पगारपत्रके असतील तर कुटुंबाचा दावा उभा राहू शकतो. पण खाण बंद पडून पगारच थांबला, तर कपातही नाही आणि हा बचावही नाही. नोकरी गेलेल्या माणसाने पहिल्याच महिन्यात एलआयसीच्या शाखेत जाऊन पॉलिसी पगारातून सोडवून स्वतःच्या भरण्यावर आणावी.

आणि शेवटी ते दोन लहान हप्ते, जे गावातल्या बहुतेकांना ठाऊकही नसतात की कापले जातात. जीवन ज्योती विम्याचे वर्षाला 436 रुपये आणि सुरक्षा विम्याचे 20 रुपये. दोन्ही मे महिन्याच्या शेवटी बचत खात्यातून निघतात, संरक्षण 1 जून ते 31 मे. त्या दिवशी खात्यात पैसे नसतील तर विमा संपतो. इथे पाच वर्षांच्या पुनरुज्जीवनासारखे काही नाही. वर्षाच्या मध्ये पुन्हा सामील होता येते, जीवन ज्योतीत त्याचा हप्ता सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये 342, डिसेंबर ते फेब्रुवारीत 228 आणि मार्च ते मेमध्ये 114 रुपये. पण पहिले तीस दिवस अपघात वगळता इतर कारणाने मृत्यू झाला तर जीवन ज्योतीचे दोन लाख मिळत नाहीत. दोन बँकांत दोन खाती असतील आणि दोन्हींतून 436 जात असतील तर एक बंद करावा, कारण दावा एकाच खात्यावर मिळतो. मात्र ते एक खाते कोणते ठेवायचे, हे नातेवाइकांना सांगून ठेवावे.

नको असलेली पॉलिसी, ठेव किंवा कर्जाबरोबर गळ्यात मारलेली, हा वेगळा प्रकार. पॉलिसीचे कागद मिळाल्यापासून 30 दिवस ती परत करता येते आणि थोडी कपात होऊन हप्ता परत मिळतो. त्यासाठी कंपनीला फ्री-लूक म्हणून लेखी कळवावे लागते. नुसते कापणे बंद केले तर हा हक्क हातचा जातो. कंपनीने ऐकले नाही, चालू पॉलिसी लॅप्स दाखवली किंवा रद्द केल्यावरही पैसे कापले, तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्याचे शुल्क नाही, वकीलही लागत नाही. गोव्याचे लोकपाल कार्यालय मुंबईत आहे आणि 50 लाखांपर्यंतच्या दाव्यांवर ते निर्णय देऊ शकते. सोबत तीन कागद जोडावेत: आदेश रद्द केल्याची बँकेची पोच, कंपनीला दिलेल्या अर्जाची प्रत आणि हप्त्यांच्या नोंदी दाखवणारा पासबुकाचा उतारा.